सोयाबीन गोदामात, पैसे खात्यात: गोदाम पावतीवर कर्ज देण्याआधी बँक नेमकं काय तपासते?

दसरा-दिवाळीच्या आसपास हातकणंगले तालुक्यात सोयाबीनची मळणी उरकलेली असते. कबनूरसारख्या गावात त्या दिवसांत शेतकऱ्यासमोर एकच प्रश्न असतो. माल आत्ता विकायचा की थांबायचं? आत्ता विकला तर भाव पडलेला, कारण सगळ्यांचा माल एकाच वेळी बाजारात आलेला. थांबावं तर सोसायटीचं देणं, मजुरी, पुढच्या पिकाचं बियाणं आणि घरचा सण यांपैकी काहीच थांबत नाही.

या कोंडीवर एक उपाय बऱ्याच वर्षांपासून उपलब्ध आहे. माल विकायचा नाही, गोदामात ठेवायचा. गोदाम पावती देतं, ती पावती तारण ठेवून बँकेकडून कर्ज घ्यायचं आणि भाव आला की माल विकून कर्ज फेडायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण अनेकांना धक्का बसतो तो पुढच्या टप्प्यावर. शेतकऱ्याचा सातबारा स्वच्छ असतो, माल चांगला असतो, पावतीही हातात असते, तरी बँक नाही म्हणते. कारण बहुतेक वेळा एकच असतं. बँकेला शेतकऱ्याबद्दल शंका नसते, ती असते गोदामाबद्दल.

गोदाम पावती म्हणजे नेमकं काय?

गोदामात माल ठेवला की मिळणारी प्रत्येक चिठ्ठी कर्जाच्या कामाची नसते. साध्या चिठ्ठीचा अर्थ एवढाच, की अमुक माणसाची अमुक पोती इथे आहेत. ती चिठ्ठी दुसऱ्याच्या नावावर करता येईलच असं नाही आणि उद्या गोदामवाल्याने हात वर केले तर भांडत बसावं लागतं.

हे बदलण्यासाठी 2007 मध्ये केंद्राने गोदामांचा कायदा केला आणि त्याची अंमलबजावणी 2010 पासून सुरू झाली. त्यातून गोदाम विकास व नियामक प्राधिकरण उभं राहिलं. हे प्राधिकरण गोदामांची नोंदणी करतं. नोंदणीसाठी गोदाम मालकाला आपली ऐपत दाखवावी लागते, सुरक्षा ठेव भरावी लागते, विमा काढावा लागतो आणि माल तपासायची सोय ठेवावी लागते. अशा नोंदणीकृत गोदामाने दिलेली पावती हस्तांतर करता येते. म्हणजे पोती जागची न हलवता मालाची मालकी बदलता येते आणि पावती तारणही ठेवता येते.

आधी ही पावती कागदी होती. एकाच मालावर दोन पावत्या फाडायच्या आणि दोन बँकांकडून कर्ज उचलायचं, असे प्रकार कागदात शक्य होते. म्हणून 2017 पासून इलेक्ट्रॉनिक पावती आली आणि 2019 च्या ऑगस्टपासून नोंदणीकृत गोदामांना हस्तांतरणीय पावती फक्त इलेक्ट्रॉनिकच देता येते. शेअर जसे डीमॅट खात्यात असतात तशी ही पावती शेतकऱ्याच्या नावाने उघडलेल्या खात्यात दिसते. त्यात मालाचा प्रकार, वजन, दर्जा, गोदामाचा पत्ता आणि माल किती दिवस टिकेल त्याची मुदत असते.

बँकेने कर्ज दिलं की त्या पावतीवर बँकेचा बोजा चढतो. त्यानंतर बँकेने सोडेपर्यंत गोदामाला तो माल कोणालाही देता येत नाही, खुद्द शेतकऱ्यालाही नाही.

यामुळे दुहेरी तारणाचा प्रश्न बराच सुटला. पण पोत्याच्या आत काय आहे, हे संगणकाला दिसत नाही. पावतीवर 40 क्विंटल लिहिलं असेल आणि थप्पीत 30 क्विंटलच असेल, तर इलेक्ट्रॉनिक पावतीही तेवढीच खोटी ठरते. म्हणूनच बँकेचा माणूस गोदामात जातो.

बँकांना एवढी धास्ती का?

उत्तर मुंबईत, 2013 मध्ये सापडतं. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या बाजारावर गोदामातल्या मालाचे सौदे व्हायचे. गुंतवणूकदारांना सांगितलं जात होतं, की तुमच्या पैशामागे गोदामात साखर, एरंडी, लोकर असा खरा माल पडून आहे. 31 जुलै 2013 ला व्यवहार थांबले आणि सुमारे 13 हजार गुंतवणूकदारांचे जवळपास 5,600 कोटी रुपये अडकले. मग लोक गोदामं बघायला गेले. कुठे माल पावतीपेक्षा खूप कमी होता, कुठे तो मुळात नव्हताच.

त्या लोकांनी पावत्या पाहिल्या होत्या, गोदाम पाहिलं नव्हतं. या प्रकरणाने कर्ज देणाऱ्यांना जो धडा दिला तो आजही लागू आहे. पावतीची किंमत तिच्यामागच्या थप्पीइतकीच असते.

पहिली तपासणी: गोदाम आहे कुठे?

कबनूर-इचलकरंजी पट्ट्यात या प्रश्नाचं उत्तर पंचगंगेपासून सुरू होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 55 फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी 43 फूट आहे. 2019 ला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद राहिला. हीच नदी पुढे इचलकरंजीवरून नरसोबाच्या वाडीकडे जाते.

त्यामुळे या भागात गोदाम पाहायला आलेला अनुभवी अधिकारी आधी भिंतीकडे बघतो. पुराच्या पाण्याची जुनी रेघ दिसते का? नवा रंग फक्त खालच्या तीन-चार फुटांवरच दिला आहे का? शेजाऱ्याला विचारलं तर 2019 ला आणि 2021 ला पाणी कुठपर्यंत आलं होतं? रस्ता बंद झाला तर माल बाहेर काढता येईल का? सोयाबीनच्या पोत्याला खालून एकदा पाणी लागलं की ती थप्पी तारण म्हणून संपली. दाणा फुगतो, पोतं फुटतं आणि वरचा कोरडा माल त्या ओलीने कुजायला लागतो.

दुसरी गोष्ट इमारतीची. या पट्ट्यात यंत्रमागामुळे शेड पुष्कळ आहेत, पण सुताच्या कोमांना चालणारी शेड धान्याला चालेलच असं नाही. धान्याच्या गोदामाचा जोता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच हवा, फरशीतून ओल वर येता कामा नये, पत्र्याला गळती नको. वारा यायला झरोके हवेत, पण त्यांना जाळी हवी, नाहीतर चिमण्या आणि पारवे आत येतात. दाराखाली उंदीर शिरेल एवढी फट नको. पोती थेट फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवलेली असावीत. थप्पी आणि भिंत यांच्यात माणूस फिरेल एवढी जागा हवी, कारण जिथे फिरता येत नाही तिथे मोजताही येत नाही.

दुसरी तपासणी: माल खरंच तेवढा आहे का?

आता मुख्य काम. समजा, एका थप्पीवरचं कार्ड सांगतं की इथे 50 किलोची 960 पोती आहेत, म्हणजे 480 क्विंटल. अधिकारी लांबीत 12 पोती, रुंदीत 8 आणि उंचीत 10 थर मोजतो. 12 गुणिले 8 गुणिले 10, बरोबर 960. हिशोब जुळला.

पण त्याने मोजली ती फक्त बाहेरून दिसणारी पोती. आतल्या भागात लांबीत 6, रुंदीत 4 आणि वरचा थर सोडून 9 थर अशी 216 पोती सोयाबीनऐवजी भुसा किंवा कुजका माल भरून लावलेली असतील, तर बाहेरून काहीच कळत नाही. ती 216 पोती म्हणजे 108 क्विंटल. 4,200 रुपये भावाने साडेचार लाखांहून जास्त रकमेचा माल कागदावर आहे आणि जागेवर नाही.

म्हणून अधिकारी थप्पीवर चढतो आणि मधली पोती उपसायला लावतो. पोत्यात पोकळ सळई खुपसून आतला दाणा काढतो. काही पोती काट्यावर घेतो. मग आवक-जावक नोंदवही उघडून वजनकाट्याच्या पावत्यांशी ताडून बघतो. 480 क्विंटल माल आला असेल तर तेवढी वाहनं आलेली असणार, तेवढी हमाली दिलेली असणार. हमालीचा खर्च निम्म्याच मालाचा दिसला, तर उरलेला माल आत आला कसा?

त्यानंतर दर्जा. परतीच्या पावसात भिजलेलं सोयाबीन घाईने गोदामात आणलं जातं, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. सोयाबीनसाठी 12 टक्के ओलावा ही बाजारात सर्वसाधारणपणे धरली जाणारी मर्यादा. त्याहून ओला माल थप्पीत दाबला गेला की आतून गरम होतो, बुरशी धरतो, दाणा काळा पडतो. थप्पीच्या पोटात हात घातला तर ऊब लागते आणि कुबट वास येतो. यंत्राने मोजण्याआधीच अनुभवी माणसाला हे कळतं.

ओलाव्याचा वजनाशीही संबंध आहे. 14 टक्के ओलावा असलेलं 40 क्विंटल सोयाबीन गोदामात सुकून 10 टक्क्यांवर आलं, तर त्याचं वजन सुमारे 38.2 क्विंटल भरतं. पावणेदोन क्विंटल घट, आणि चोरी कोणीच केलेली नाही. म्हणून माल आत घेताना ओलावा किती होता, हे पावतीवर किंवा चाचणी अहवालावर नीट लिहिलं गेलं पाहिजे. ते नसेल तर माल सोडवताना सुकण्याची घट कुठली आणि गहाळ माल कुठला, यावरून वाद होतो.

तिसरी तपासणी: किल्ली, नोंदी आणि विमा

माल चांगला असला तरी तो ताब्यात कोणाच्या आहे, हे पाहावं लागतं. गोदाम भाड्याचं असेल तर भाडेकरार कधी संपतो? जागेच्या मालकाने त्या जागेवर दुसरं कर्ज काढलं आहे का? उद्या त्या बँकेने गोदामाला टाळं ठोकलं तर शेतकऱ्याची पोती आत अडकतात. किल्ली कोणाकडे असते? गोदामवाला स्वतःच सोयाबीनचा व्यापारी असेल, तर त्याचा माल आणि ठेवीदारांचा माल वेगळा ठेवलेला आहे का? एकाच थप्पीत दोघांचा माल मिसळलेला दिसला की बहुतेक बँका तिथूनच मागे फिरतात.

विम्याच्या कागदावर फक्त तारीख बघून भागत नाही. आग, चोरी आणि पूर हे तिन्ही त्यात आहेत का? गोदामवाल्याच्या किंवा त्याच्या माणसांच्या अफरातफरीचं संरक्षण आहे का? आणि विम्याची रक्कम मालाच्या किमतीएवढी आहे का? हा शेवटचा प्रश्न बऱ्याचदा सुटतो. समजा गोदामात 2 कोटींचा माल आहे, पण विमा 1 कोटीचाच काढला आहे. पुरात 50 लाखांचं नुकसान झालं, तर कंपनी साधारणपणे निम्मीच भरपाई देते, 25 लाख. विमा अर्धा काढला म्हणून प्रत्येक नुकसानीत अर्धा वाटा स्वतःच्या अंगावर.

शेतकऱ्याच्या हातात किती पडतं?

आता एक हिशोब. कबनूरच्या एका शेतकऱ्याने ऑक्टोबरअखेर 40 क्विंटल सोयाबीन गोदामात ठेवलं असं धरू. बाजारभाव 4,200 रुपये. मालाची किंमत झाली 1,68,000 रुपये. बँकेने 70 टक्के कर्ज दिलं तर हातात 1,17,600 रुपये येतात. व्याज 9 टक्के, मुदत चार महिने. गोदाम भाडं आणि वाहतुकीचे आकडे ठिकाणानुसार बदलतात, इथे ते उदाहरणासाठी घेतले आहेत.

चार महिन्यांचं व्याज: 3,528 रुपये.
गोदाम भाडं, पोत्याला महिना 8 रुपये, 80 पोती: 2,560 रुपये.
वाहतूक आणि हमाली: 2,400 रुपये.
1 टक्का वजनाची घट: 1,680 रुपये.

एकूण 10,168 रुपये, म्हणजे क्विंटलमागे सुमारे 254 रुपये. याचा अर्थ, फेब्रुवारीअखेर भाव 4,454 च्या वर गेला तरच थांबण्यात कमाई आहे. तो 4,400 झाला, तर भाव वाढलेला दिसेल पण शेतकरी तोट्यात असेल.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये आहे, म्हणून कर्जही त्या हिशोबाने मिळेल असं अनेकांना वाटतं. पण कर्ज देणारा उद्या माल विकून पैसे वसूल करता येतील का, एवढंच बघतो. त्यामुळे बाजारभाव हमीभावापेक्षा कमी असेल तर मूल्यांकन बाजारभावानेच होतं.

आणि भाव पडला तर? वरच्या उदाहरणात भाव 3,700 वर आला की मालाची किंमत 1,48,000 होते. 70 टक्क्यांवर दिलेलं कर्ज आता किमतीच्या जवळपास 80 टक्के झालेलं असतं. अशा वेळी बँक थोडी रक्कम भरायला किंवा आणखी माल ठेवायला सांगते. दोन्ही जमलं नाही तर नोटीस देऊन माल लिलावात काढते. ही भीती कल्पनेतली नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनने काही बाजारांत 10 हजारांचा टप्पा ओलांडला होता. त्या आठवणीवर पुढच्या हंगामांत अनेकांनी माल राखून ठेवला आणि 2024 च्या काढणीला भाव त्यावेळच्या 4,892 रुपये हमीभावाच्याही खाली होता. गोदाम पावती विकायची वेळ निवडू देते, भाव वाढवून देत नाही.

मग जायचं कुठे?

लहान शेतकऱ्यासाठी पहिलं दार बाजार समितीचं. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून चालू आहे. त्यात सोयाबीनसारख्या मालावर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, 6 टक्के व्याज आणि 180 दिवसांची मुदत असते. व्यापाऱ्यांचा माल त्यात घेतला जात नाही. वरच्या उदाहरणात 9 ऐवजी 6 टक्के व्याज लागलं तर 70 टक्क्यांच्या त्याच कर्जावर 1,176 रुपये वाचतात. मात्र प्रत्येक बाजार समिती दरवर्षी ही योजना राबवतेच असं नाही. पेठ वडगाव किंवा कोल्हापूरच्या बाजार समितीत हंगामाआधीच चौकशी केलेली बरी.

दुसरं दार नोंदणीकृत गोदामाचं, मग ते राज्य वखार महामंडळाचं असो, सहकारी संस्थेचं असो की खासगी. इथे इलेक्ट्रॉनिक पावती मिळते आणि ती कुठल्याही बँकेकडे नेता येते. ज्या लहान आणि सीमांत शेतकऱ्यांकडे किसान क्रेडिट कार्ड आहे, त्यांना अशा पावतीवर काढणीनंतर सहा महिन्यांपर्यंत व्याज सवलतीच्या योजनेतून 7 टक्क्यांनी कर्ज मिळू शकतं.

तिसरं दार नोंदणी नसलेल्या खासगी गोदामाचं. ते गावात असतं, ओळखीचं असतं, कागद कमी मागतं. पण त्या पावतीवर सवलतीचं व्याज नाही, आणि गोदामवाल्याने माल विकून टाकला तर शेतकऱ्याच्या हातात फक्त चिठ्ठी उरते.

बँकांची भीती कमी करण्यासाठी केंद्राने 16 डिसेंबर 2024 ला एक हजार कोटी रुपयांची कर्ज हमी योजना सुरू केली. इलेक्ट्रॉनिक पावतीवर दिलेलं कर्ज बुडालं, अगदी गोदामवाल्याच्या चुकीने बुडालं, तरी त्याचा मोठा भाग या योजनेतून बँकेला परत मिळतो. पण ही हमी बँकेला आहे, शेतकऱ्याला नाही. थप्पी भिजली किंवा गायब झाली तर मालाची किंमत गोदामवाल्याकडून आणि विम्यातूनच मिळवावी लागते.

म्हणूनच बँकेचा अधिकारी जे बघतो ते शेतकऱ्यानेही ट्रॉली रिकामी करण्याआधी बघितलेलं चांगलं. गोदामाची नोंदणी चालू आहे का, हे wdra.gov.in वर पाहता येतं. 2019 ला आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं, हे गोदामाशेजारच्या टपरीवाल्याला विचारता येतं. विम्याच्या कागदावर पूर हा शब्द आहे का आणि रक्कम किती आहे, हे वाचायला दोन मिनिटं लागतात. ओलावा आणि वजन आपल्यासमोर मोजून पावतीवर आले का, हे तिथेच उभं राहून बघता येतं. गोदामवाला यातलं काही दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर बँक पुढे काय म्हणेल हे तिथेच कळून जातं. मग ट्रॉली भरलेलीच परत फिरवलेली बरी.